वाकडीला नवं कापड

मास्टरबाईंनी नोकरी सोडण्याचा अर्ज तिसऱ्यांदा दिला, तो दिवस मला चांगला आठवतो. मी काज-बटणांच्या टेबलावर बसायचे. तिथून मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या केबिनची काच समोरच दिसते. आत काय बोलतात ते ऐकू येत नाही, पण चेहरे दिसतात. मॅडमनी अर्ज वाचला, घडी घातली आणि बाईंच्या हातावर हात ठेवला. तेव्हाच मी शेजारणीला म्हटलं, "गेला हाही अर्ज."

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. वाईट असत्या तर बाई कधीच सुटल्या असत्या. ओरडणाऱ्या मालकाला नमस्कार करून निघून जाता येतं. पण "तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे हो" असं म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बाईच्या हातातून मनगट सोडवून घेणं भल्याभल्यांना जमत नाही.

मास्टरबाई म्हणजे आमच्या कारखान्याच्या सॅम्पल खोलीच्या प्रमुख. नव्या कपड्याचं चित्र आलं की त्याचे कागदी पॅटर्न काढायचे, पहिला नमुना कापायचा, शिवून घ्यायचा, पुतळ्यावर चढवून बघायचा, आणि तो मंजूर झाला की खालच्या मजल्यावर शेकड्यांनी कापण्यासाठी द्यायचा, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं. सॅम्पल खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला. तिला एकच खिडकी, तीही धूळ येऊन कापड मळू नये म्हणून पक्की बंद केलेली. भिंतीवर हुकांना टांगलेले हजारो कागद. पंखा लावला की सगळे एकदम सळसळायचे, म्हणून पंखाही बंद. बाई म्हणायच्या, "इथे मी आणि कागद, दोघंही टांगलेले."

बाईंचं लग्न राहून गेलं होतं. भाड्याची एक खोली होती, आणि आठ तासांच्या बसप्रवासावर गावी आई होती. आईच्या डोळ्यांत काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यातलं तेजही कडेकडेनं कमी होत चाललेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर थेंब वेळच्या वेळी गेले पाहिजेत, आणि म्हातारीला एकटीला ते जमत नव्हतं. थेंब डोळ्यात कमी आणि गालावर जास्त जायचे. शेजारीण येऊन घालायची, पण तिलाही तिचा संसार होता. बाईंना जायचं होतं ते एवढ्यासाठी. फार मोठं काही मागत नव्हत्या.

या वेळी मॅडम म्हणाल्या, "जा, मी अडवत नाही. नवा मास्टर मी ठेवलाच आहे. फक्त वाकडीचं एवढं काम करून द्या, मग जा."

वाकडी म्हणजे एक ड्रेस. कागदोपत्री तो चारशे बारा नंबर, पण शिलाईच्या मुलींपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्याला वाकडीच म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी बाईंनीच तो बसवला होता. खालची कड सरळ नाही. डाव्या बाजूला गुडघ्यापाशी सुरू होते आणि तिरकी उतरत उजव्या घोट्याला टेकते. उजव्या लांब बाजूला मांडीच्या मध्यापासून खालपर्यंत चीर, नाहीतर पाऊल टाकता येणार नाही. आणि बाह्या अशा नाहीतच. खांद्यावरून दोन मोकळे पदर सोडलेले, झग्यासारखे, कोपराच्या खाली येणारे. हात वर केला की पदर मागे सरतो आणि दंड दिसतो. मूळ कापड काळं जॉर्जेट. चालणाऱ्या बाईच्या अंगावर ते पाण्यासारखं हलायचं. नमुना शिवून झाला तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, "कापताना कागद सरकला वाटतं." तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. पण दरवर्षी कुणी ना कुणी वाकडी मागायचंच.

या वेळी मागणाऱ्या कंपनीनं लिननमध्ये मागितली. जाडसर, फिकट मातीच्या रंगाचं लिनन. त्यांच्या पत्रात एकच ओळ ठळक होती: फक्त कापड बदला, बाकी काहीही बदलू नका.

"फक्त," बाई वाचून म्हणाल्या. "हा शब्द लिहिणाऱ्यानं कधी कात्री धरली नसावी."

तरी त्या कबूल झाल्या. पंधरा दिवसांचं काम, त्यानंतरच्या सोमवारची बस. तिकीट काढून त्यांनी मला दाखवलं. घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

आधी चित्र पाठवायचं होतं. जुन्या फोटोत फक्त कापड बदलून दाखवायचं, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. ते काम फोटोवाल्याचं. चाळिशीचा माणूस, कॉम्प्युटरसमोर बसून बसून मान पुढे आलेली, बाईंना ताई म्हणायचा. त्यानं प्रोग्रॅमला जुना फोटो दिला, लिननचा तुकडा दिला आणि म्हणाला, "ताई, दोन मिनिटांत होतं बघा."

दोन मिनिटांत झालंही. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही कोण?"

"वाकडी."

"ही वाकडी नाही. हिची सरळ बहीण असेल."

फोटोवाल्यानं चष्मा पुसून पाहिलं. खरंच, कापड लिननचं झालं होतं, पण कड दोन्ही बाजूंनी सारखी झाली होती. चीर मिटून गेली होती. खांद्यावरच्या पदरांच्या जागी साध्या ढगळ बाह्या आल्या होत्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्या प्रोग्रॅमनं लाखो सरळ ड्रेस पाहिलेले. तिरकी कड दिसली की त्याला ती चूक वाटते, आणि बिचारा ती दुरुस्त करून टाकतो.

मग दोघं शेजारी बसले. बाई बोटानं दाखवत गेल्या आणि फोटोवाला कडा आखत गेला. "नुसतं 'डिझाइन तेच ठेव' म्हणून त्याला कळत नाही. एकेक सांग. डावी कड गुडघ्याला, उजवी घोट्याला. चिरेतून पाय दिसतो, तिथे कापड भरू नको. पदर आणि अंग यांच्यामध्ये ही फट आहे, हिच्यातून मागची भिंत दिसते. ही बुजली की त्याची बाही झाली." त्यानं तशी कपड्याची बाहेरची रेघ हातानं आखून घेतली, चीर आणि फटी वगळल्या, आणि प्रोग्रॅमला फक्त त्या रेघेच्या आत कापड बदलायला लावलं. चौथ्या वेळी वाकडी परत वाकडी झाली.

"जमलं," फोटोवाला म्हणाला.

"रेघ जमली," बाई म्हणाल्या. "पण चुण्या बघ. या जॉर्जेटच्या चुण्या आहेत. रंग लिननचा आणि पडणं जॉर्जेटचं. असं लिनन जगात नाही."

"गिऱ्हाइकाला कुठे कळतंय ताई."

"कळत नाही तीच पंचाईत. आता तो हेच मागणार."

आणि तसंच झालं. चित्र दुसऱ्या दिवशी मंजूर होऊन आलं. आता प्रत्यक्ष कपडा त्या चित्रासारखा दिसायला हवा होता.

पहिला नमुना नव्या मास्टरनं कापला. हा गृहस्थ पंचेचाळिशीचा, पुरुषांच्या शर्टांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेला. माणूस सज्जन, हात साफ, पण त्याच्या कात्रीला डावं-उजवं वेगळं असतं हेच ठाऊक नव्हतं. शर्टाला दोन्ही बाजू सारख्या. त्यानं वाकडीचे जुने कागद हुकावरून काढले, लिननवर ठेवले आणि जसेच्या तसे कापले. पत्रात लिहिलंच होतं ना, बाकी काही बदलू नका.

नमुना पुतळ्यावर चढला आणि आम्ही सगळ्या टेबलावरून उठून बघायला गेलो. खांद्यावरचे पदर पत्र्याच्या पन्हळीसारखे दोन्हीकडे उभे राहिले होते. चीर नुसती उभ्यानंच वासली होती, आतली दुमड बाहेर डोकावत होती. आणि लांब बाजू घोट्यापर्यंत पोचलीच नव्हती. दीड इंच वर लटकत होती. तेवढ्यानं तिरकेपणाचा सगळा डौल गेला. आता ती खरोखर कापताना कागद सरकल्यासारखी दिसत होती.

मॅडमही आल्या. नव्या मास्टरनं शांतपणे सांगितलं, "मॅडम, हे कापड या डिझाइनचं नाही. कड सरळ करू, चीर बंद करू, बाह्या साध्या लावू. तीन दिवसांत देतो. दिसायला सुबक दिसेल."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

बाईंनी नंतर जेवणाच्या सुट्टीत मला जे सांगितलं ते तसंच सांगते. डबा समोर उघडा होता, त्यांनी घास घेतला नव्हता. "मला नुसतं 'बरं' म्हणायचं होतं गं. तो म्हणतो ते करा म्हटलं असतं, तर त्या लोकांनी नमुना परत पाठवला असता, काम दुसरीकडे गेलं असतं, आणि सोमवारी मी बसमध्ये असते. एक शब्द. जिभेवर आला होता."

"मग?"

"मग त्यानं कडेला खडू लावला. सरळ रेघ मारायला. आणि माझा हात आपोआप पुढे गेला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "सव्वीस वर्षांनी हात माझं ऐकत नाही."

खडू काढून घेतला म्हणजे काम गळ्यात पडलंच. त्या दुपारपासून बाई सॅम्पल खोलीतून हलल्या नाहीत.

लांब बाजू आखूड का पडली, ते त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. तिरक्या कडेवर कापड उरेब पडतं, धाग्यांच्या तिरक्या दिशेनं, आणि तिथे ते वजनानं ओघळतं. जॉर्जेट दोन इंच ओघळायचं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कागदच दोन इंच आखूड केला होता. लिनन अर्धा इंच ओघळलं आणि थांबलं. म्हणजे लांबी तीच राहावी तर कागद दीड इंच वाढवायला हवा. त्यांनी आधी लिनन धुऊन घेतलं, कारण ते नंतर आटलं असतं. मग नवा तुकडा कापून कड न शिवता एक अख्खा दिवस पुतळ्यावर नुसता टांगून ठेवला, काय ओघळायचं ते ओघळू दिलं, आणि मगच जमिनीपासून मोजून कड आखली.

चिरेची गोष्ट वेगळी होती. जॉर्जेट नितंबावर सैल बसायचं आणि चीर आपोआप मिटायची. लिननला ती नरमाई नाही. वर जरा ताण आला की खाली चीर फाकते. बाईंनी चिरेच्या वर बाजूच्या शिलाईत पाव-पाव इंच ढील दिली. कंपनीनं दिलेल्या मापांच्या कागदात अर्ध्या इंचाची सूट चालते, तेवढ्यातच. चिरेच्या टोकाला आतून पातळ पट्टी टाकली म्हणजे ते उसवणार नाही, आणि कडांना जाड दुमडीऐवजी रुंद, सपाट अस्तर लावलं. आता उभं राहिलं की चीर बंद, चाललं की उघडी. मूळची होती तशी.

राहिले पदर. ते मात्र मानेनात. जॉर्जेटचा पदर जवळपास अर्ध्या गोलाएवढा कापलेला होता. एवढा घेर असला तरच ते पातळ कापड भरल्यासारखं वाटायचं. तोच घेर लिननला दिला की ते छत्रीसारखं उघडायचं. बाईंनी कागदाला खालून वरपर्यंत पाच चिरा दिल्या, खांद्याजवळ कागद जोडलेलाच ठेवला, आणि खालच्या फाका एकावर एक सरकवून चिकटवल्या. खांदा तेवढाच, लांबी तेवढीच, फक्त खालचा घेर कमी. तुकडा उरेब कापला म्हणजे तो अंगाकडे झुकेल. सातव्या प्रयत्नात पदर पडला. दंडावरून सरळ खाली, कोपराशी किंचित मोकळा. फोटोवाला चित्र घेऊन आला, पुतळ्याशेजारी धरलं. नुसती मान डोलावली.

पण मापांच्या कागदावर पदराच्या घेराचा आकडा होता, आणि आता तो अकरा इंचांनी चुकत होता.

मॅडमच्या केबिनमध्ये हे बोलणं झालं तेव्हा दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं.

"त्यांनी म्हटलंय, काही बदलू नका," मॅडम म्हणाल्या. "मी अकरा इंच कसे लपवू?"

"लपवू नका. लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, की आकडा जपला तर डिझाइन जातं, आणि डिझाइन जपलं तर आकडा जातो. तुम्हाला कुठलं हवं ते सांगा. दोन्ही नमुने पाठवा. एक आकड्याचा, एक दिसण्याचा."

"आणि ते चिडले तर?"

"तर मी नाहीतरी जाणारच आहे. माझ्यावर ढकला."

मॅडम हसल्या. "तुम्ही जाणार म्हणून मला किती धीर येतोय बघा."

नमुने गेले. उत्तर यायला बारा दिवस लागले, आणि सोमवार त्याच्या मधेच येऊन गेला. बाईंनी तिकीट रद्द केलं. आईला फोनवर म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस." पलीकडून आई म्हणाली ते त्यांनी मला हसत सांगितलं, "ती म्हणते, ये सावकाश. मी कुठे पळून जातेय, मला दार दिसत नाही."

सांगून झाल्यावर त्यांनी चष्म्याची डबी उगाचच उघडली आणि मिटली.

उत्तर आलं तेव्हा मॅडम स्वतः पत्र हातात घेऊन धावत आल्या. त्या लोकांना दिसण्याचा नमुना पसंत पडला होता. इतका, की आता वाकडी आणखी सहा कापडांत हवी होती. मखमल, रेशीम, डेनिम, टी-शर्टासारखं विणलेलं ताणाचं कापड, आणखी दोन. अट तीच, फक्त कापड बदला. आणि खाली एक ओळ, ज्यांनी हा नमुना केला त्यांच्याच हातून व्हावं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. दाराला बाहेरून कडी लागल्याचा आवाज ऐकल्यासारखा तो चेहरा होता.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही, कारण ते सगळे सारखेच होते. सकाळी त्या आमच्या आधी यायच्या, संध्याकाळी आमच्यानंतर जायच्या. एका कापडाचं गणित सुटलं की दुसरं पुढे. ताणाच्या कापडात चिरेचं टोक लांबायचं आणि लोंबायचं. डेनिमच्या कडेला तिरकी दुमड बसतच नव्हती. मॅडम रोज काहीतरी आणून द्यायच्या. नवी खुर्ची, पायाखाली पाट, आवडतो म्हणून चहा वेगळा करून. "बाई, लागेल ते मागा." बाई मला म्हणाल्या, "जे मागायचंय ते सोडून सगळं मिळतंय."

मधेच मखमलीचा घोटाळा झाला. नव्या मास्टरला बाईंनी मखमल कापायला दिली, कागद आपले तयार दिले. त्यानं सवयीनं कापड तोंडाला तोंड लावून दुहेरी अंथरलं आणि एका वेळी दोन-दोन तुकडे कापले. शर्टाचं तसंच असतं, एक तुकडा डावा, एक उजवा, दोन्ही लागतात. वाकडीचं तसं नाही. तिचा प्रत्येक तुकडा एकाच बाजूचा. दुहेरी कापल्यामुळे अर्धे तुकडे आरशातले निघाले. कड उजवीकडे वर आणि डावीकडे खाली, चीर भलत्याच पायावर. ते उलटून वापरावेत तर मखमलीची लवेची बाजू आत जाते. आठ नमुन्यांची मखमल गेली.

इस्त्रीवाला म्हणाला, "वाकडी डावखुरी झाली." कोणी हसलं नाही.

मॅडम नव्या मास्टरला काही बोलल्या नाहीत. बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघितलंत ना? आता तुम्हीच सांगा, मी तुम्हाला कशी सोडू?"

त्या दिवशी दुपारी आणखी एक फोन आला. शेजारणीचा. आई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली होती. हाड मोडलं नव्हतं. पण डॉक्टरांनी डोळे परत तपासले आणि उजव्यातही आता फक्त समोरचं थोडं, नळीतून पाहावं तसं उरल्याचं सांगितलं. बाईंनी फोन ठेवला आणि मखमलीचे उलटे तुकडे एकावर एक रचू लागल्या. कडा जुळवून, अगदी नीट. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काम असेल तर बोल, नाहीतर जा. मला आत्ता कोणी माया केली तर मी पडेन."

नवा मास्टर कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "बाई, एक बोलू? राग मानू नका. चूक माझी, ते कबूल. पण चार महिन्यांत तुम्ही मला सांगितलं काहीच नाही. तुम्ही करून टाकता. मी विचारतो, पदर किती कमी करायचा, तुम्ही माझ्या हातातून कागद घेता आणि करून परत देता. या कागदावर 'दुहेरी कापू नये' एवढं जरी लिहिलं असतं तरी मी कापलं नसतं."

बाईंनी टेबलावरचा कागद उचलून पाहिला. त्यावर नंबर होता, त्यांची सही होती, बाकी कोरा. भिंतीवरचे कागद पाहिले. बहुतेक सगळे तसेच. सव्वीस वर्षांत त्यांना कधी लिहावं लागलं नव्हतं, कारण कापणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे कुलूप मॅडमचं, पण किल्ली मीच गिळून बसलेय."

"तसं मी म्हटलं नाही."

"नाही, मीच म्हणतेय. बसा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. पेन्सिल नव्या मास्टरच्या हातात, आणि आपले हात पाठीमागे. खरोखर पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. त्यानं चुकीची रेघ मारली की त्यांचा खांदा हलायचा, पण हात सुटायचा नाही. त्याला मांजरपाटाचा तागा दिला आणि म्हणाल्या, "हा सगळा वाया घालवा." त्यानं घालवलाही. प्रत्येक कागदावर आता लिहिलं जायचं. वरची बाजू कुठली, एकेरी कापायचं, मखमलीची लव वर की खाली, टांगून किती ओघळलं, पदराचा घेर किती आणि का. आधी प्रत्येक नव्या कापडाचा हातभर तुकडा उरेब कापून टांगायचा आणि दुसऱ्या दिवशी मोजायचा, ही युक्ती त्याचीच. बाईंना ती गरज कधी पडली नव्हती, त्यांना बोटांनी कळायचं. पण ज्याच्या बोटांना कळत नाही त्याच्यासाठी ती चांगली होती, आणि बाईंनी ते मोकळेपणानं मान्य केलं.

रेशमाची वाकडी त्यानं एकट्यानं केली. तिसऱ्या खेपेला जमली. पदर बाईंच्या मते एक बोट जास्त फुललेला होता. त्या पुतळ्याभोवती दोनदा फिरल्या, आणि म्हणाल्या, "जाऊ दे." मला ठाऊक आहे, सव्वीस वर्षांत तो शब्द त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारला गेला.

चौथा अर्ज त्यांनी केबिनमध्ये नेला नाही. पोस्टानं पाठवला, असा की तो निघण्याच्या दिवशीच पोचावा. मॅडम फाटकापर्यंत आल्या. रडल्या, खरंच रडल्या. बाईंनी त्यांचा हात धरला, थोपटला, आणि आपला हात काढून घेतला. त्याला किती वेळ लागला हे सांगता येणार नाही, पण आम्ही सगळ्या कामं टाकून जिन्यावरून पाहत होतो.

ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा त्या गावी पोचल्या. आईनं दारात त्यांचा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाली, "वाळलीस." नळीतून दिसणारं तेवढंही आता धूसर झालं होतं. थेंब वेळेवर जाऊ लागले, पण गेलेलं गेलंच होतं. बाई फोनवर मला हे सगळं सांगताना कुठेही आवाज चढवत नाहीत. सात महिन्यांचं बोलणं काढलं की मात्र विषय बदलतात.

सुटल्या का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. पहिल्या पंधरवड्यातच त्यांच्या दारात कुरियरनं खोकं आलं. आत नमुना आणि मॅडमची चिठ्ठी, फक्त एकदा बघा. ते खोकं बाईंनी न उघडता परत पाठवलं. दुसरंही पाठवलं. तिसऱ्यावर नव्या मास्टरचं अक्षर होतं. ते त्यांनी उघडलं. आत जाळीच्या कापडातली वाकडी होती. कड बरोबर, चीर बरोबर, आणि पदराला टाचलेल्या कागदावर एकच प्रश्न लिहिलेला, जाळीला कडेला वजन कशाचं देऊ?

त्यांनी त्याला फोन केला. दहा मिनिटं म्हणता पाऊण तास झाला. आत आई खाटेवर बसून होती. तिनं विचारलं, "कोण होतं?"

"कामावरचे."

"परत बोलावतायत?"

"नाही. विचारतायत नुसतं."

"तेच ते," आई म्हणाली.

आता दर महिन्याला एखादं खोकं येतं. बाई ते ओट्यावर बसून उघडतात. आई शेजारी असते, तिला एका हातानं धरलेलं असतं, म्हणून कापड दुसऱ्या हातानंच चाचपावं लागतं. गेल्या वेळी फोनवर मी म्हटलं, "बाई, नाही म्हणा ना सरळ." पलीकडून खोक्यातला कागद सळसळला. मग म्हणाल्या, "म्हणेन गं. पण तो डावीकडची कड एक इंच खाली घेतोय. तेवढं सांगून टाकते, मग म्हणते."